हॉटेलातली टीप, सर्व्हिस चार्ज आणि पगार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेलांची पगारपत्रकं तयार करण्याचं काम करताना हे प्रश्न वेटर, मालक आणि गिऱ्हाईक अशा तिन्ही बाजूंनी येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या रेस्टॉरंटांपुरती आहेत, फक्त शेवटचं परदेशाबद्दल आहे. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तोच वाचला तरी चालेल.

१. टीप, सर्व्हिस चार्ज आणि सर्व्हिस टॅक्स हे सगळं एकच ना?

नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हिस टॅक्स हा सरकारचा कर होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो संपला. आजच्या बिलावर कोणी सर्व्हिस टॅक्स लावला असेल तर ती चूक तरी आहे किंवा लबाडी तरी.

टीप म्हणजे जेवण झाल्यावर तुम्ही खुशीने ठेवलेले पैसे, मग ते बडीशेपेच्या वाटीखाली असोत, कार्डावर असोत की यूपीआयने. किती द्यायची आणि द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवता. सर्व्हिस चार्ज मात्र रेस्टॉरंट ठरवतं. बिलाच्या पाच किंवा दहा टक्के, कुठे त्याहून थोडा जास्त, आणि तो बिलातच छापून येतो. तो सरकारकडे जात नाही, रेस्टॉरंटच्या गल्ल्यात जातो. तिथून पुढे कुठे जातो, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. बिलात सर्व्हिस चार्ज लावूनच आलाय. द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि तो देत नाही म्हणून कोणाला दारात अडवायचं नाही, असं त्यात म्हटलं आहे. रेस्टॉरंट मालकांच्या दोन राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सूचनांना आधी स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला न्या. प्रतिभा सिंह यांनी त्या वैध ठरवल्या आणि दोन्ही याचिका प्रत्येकी एक लाख रुपये खर्चासह फेटाळल्या. त्यावर खंडपीठापुढे अपील झालं आहे.

व्यवहारात एवढं करा : पैसे देण्याआधी कॅप्टनला बोलावून ‘ही ओळ काढून बिल परत द्या’ असं शांतपणे सांगा. बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत नवं बिल येतं, कारण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असतेच. नाहीच काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा. वेटरवर ओरडू नका. बिलात ती ओळ त्याने घातलेली नसते.

३. दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे दहा टक्केच जातात ना?

थोडे जास्त जातात. बिलात लावलेला सर्व्हिस चार्ज जेवणाच्या किमतीत धरला जातो आणि जीएसटी त्या एकूण रकमेवर लागतो. समजा जेवण २,००० रुपयांचं झालं. सर्व्हिस चार्ज नसेल तर पाच टक्के जीएसटी १०० रुपये आणि बिल २,१०० रुपये. दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर २,२०० वर जीएसटी ११० रुपये, म्हणजे बिल २,३१०. तुमचे २१० रुपये जास्त गेले. त्यातले १० सरकारकडे गेले आणि २०० मालकाच्या खात्यात.

हेच २०० रुपये टीप म्हणून हातात ठेवले असते तर जीएसटी लागला नसता आणि मधला हातही लागला नसता.

४. मी दिलेला सर्व्हिस चार्ज वेटरला मिळतो का?

काही ठिकाणी पूर्ण मिळतो, काही ठिकाणी अर्धा, काही ठिकाणी एक रुपयाही नाही. भारतात टीप-वाटपाचा वेगळा कायदा नाही, त्यामुळे हे मालकाच्या रीतीवर किंवा युनियनशी झालेल्या करारावर चालतं. मोठ्या, जुन्या हॉटेलांत करार असतात आणि वाटप बऱ्यापैकी स्वच्छ असतं. लहान ठिकाणी ‘त्यातूनच तुमचा पगार निघतो’ असं तोंडी उत्तर मिळतं.

खात्री करायची असेल तर वेटरला मॅनेजरसमोर विचारू नका. बिल देऊन निघताना हळूच विचारा. ‘आम्हाला नाही येत’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी सर्व्हिस चार्ज काढायला सांगतो आणि तेवढेच पैसे टीप म्हणून देतो.

५. टीप पगारात धरतात का?

नाही. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कायदा बघतो ते असं : पैसे कोणाच्या खिशातून आले आणि ते मागायचा हक्क कोणाविरुद्ध आहे? पगार मालकाच्या खिशातून येतो आणि गिऱ्हाईक आलं नाही तरी तो द्यावाच लागतो. टीप गिऱ्हाइकाच्या खिशातून येते. मालकाच्या मशीनवरून किंवा बँक खात्यातून फिरून आली म्हणून ती मालकाची होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे वेगवेगळ्या कायद्यांखाली सांगितलं आहे. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या १९७६ च्या प्रकरणात, सर्व्हिस चार्ज म्हणून गोळा करून कामगारांना दिलेले पैसे हे व्यवस्थापनाने स्वतःच्या खिशातून दिलेले नाहीत, गिऱ्हाइकांकडून घेऊन पुढे सोपवलेले आहेत, असं म्हटलं. क्वालिटी इन सदर्न स्टार हॉटेलच्या प्रकरणात, टिपेच्या जागी सर्व्हिस चार्ज घेऊन नंतर कामगारांत वाटलेली रक्कम राज्य कामगार विमा म्हणजे ईएसआय कायद्याखाली वेतन नाही, असं ठरलं. आणि २६ एप्रिल २०१६ ला आयटीसीच्या प्रकरणात आयकराच्या बाजूनेही हाच निकाल आला : कार्डावर आलेली टीप हॉटेल विश्वस्तासारखं सांभाळतं आणि पुढे देतं, ती पगार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यात वेतनाची व्याख्या नव्याने मांडली आहे, पण वेतन म्हणजे नोकरीच्या अटींनुसार देय असलेला मोबदला, हा तिचाही पाया आहे. त्यामुळे टिपेचं उत्तर बदलावं असं त्यात मला काही दिसत नाही. अपवाद एकच. तो प्रश्न ११ मध्ये आहे.

६. मालक म्हणतो, ‘पगार नऊ, पण टीप धरून पंधरा पडतात. किमान वेतन झालं की!’ चालतं का?

चालत नाही. किमान वेतन मालकाने द्यायचं असतं, गिऱ्हाइकाने नाही. महाराष्ट्रात हॉटेल-रेस्टॉरंट धंद्यासाठी परिमंडळ आणि कौशल्याप्रमाणे दर ठरलेले आहेत. त्यावर विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. मूळ दर आणि विशेष भत्ता मिळून जो आकडा येतो तो टीप शून्य धरून भरला पाहिजे.

अमेरिकेत टीप काही अंशी किमान वेतनात वळती करता येते. ते पाहून आलेले किंवा ऐकून असलेले मालक इथेही तसंच धरतात. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

ही चूक ओळखायला पगारपत्रक बघा. ‘इतर भत्ते’ किंवा ‘इन्सेंटिव्ह’ नावाची ओळ दर महिन्याला वेगळ्या, विचित्र आकड्याने भरलेली असेल, म्हणजे कधी ४,३१७ तर कधी ३,८८०, तर बहुधा टीपच पगार म्हणून दाखवली आहे.

७. मग टिपेवर पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी काहीच नाही?

काहीच नाही. वेटरमंडळींना हे ऐकून बरं वाटतं, कारण कपात होत नाही. पण आजारपणात ते टोचतं. समजा, कोणाचा पगार १४,००० आणि टीप महिन्याला सरासरी ४,००० आहे. पाय मोडला, महिनाभर घरी. ईएसआयचा आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, म्हणजे ९,८०० च्या आसपास मिळेल. टिपेच्या ४,००० चे सत्तर टक्के कोणी देत नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटीचंही तसंच. पंधरा वर्षं भरपूर टीप मिळवलेला कॅप्टन हिशेबाच्या दिवशी आकडा बघून गप्प बसतो, हे मी पाहिलं आहे.

८. आयकर लागतो का? मालकाने टीडीएस कापावा का?

टिपेवर पगार म्हणून टीडीएस कापायची जबाबदारी मालकावर नाही. आयटीसीचा निकाल याच मुद्द्यावर होता. आयकर खात्याचं म्हणणं होतं की कार्डाची टीप पगार आहे आणि हॉटेलांनी टीडीएस कापायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही.

पण टीप करमुक्त आहे असा याचा अर्थ नाही. ती वेटरच्या हातात ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष कर शून्य होतो, तेव्हा बहुतेकांना भरायचं काही नाही. मात्र पगार आणि टीप मिळून वर्षाचे चार लाखांवर गेले तर विवरणपत्र भरावं लागतं. स्वतःच्या यूपीआयवर टीप घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण तिथे प्रत्येक वीस रुपयांची नोंद राहते.

९. टीप वाटायची योग्य पद्धत कोणती? आमच्याकडे रोज रात्री भांडण होतं.

रोज रात्री वाटणं हेच भांडणाचं एक कारण आहे. शनिवारी सुट्टी असलेला कायम मार खातो. महिन्याचा एकच डबा करा आणि पॉइंट गुणिले हजेरी या हिशेबाने वाटा. पुण्यातल्या एखाद्या मध्यम रेस्टॉरंटचं उदाहरण घेऊ.

कॅप्टन २, प्रत्येकी दीड पॉइंट. वेटर ६, प्रत्येकी एक. हेल्पर ४, प्रत्येकी पाऊण. किचनमधले ८ आणि भांड्यांवरचे २, प्रत्येकी अर्धा. एकूण १७ पॉइंट. सगळे २६ दिवस आले असते तर ४४२ पॉइंट-दिवस झाले असते. एक वेटर दहा दिवस गावी गेला म्हणून ४३२ झाले. महिन्याची टीप, कार्ड-यूपीआय-रोख मिळून, ६४,८०० रुपये. भागाकार केला की एका पॉइंट-दिवसाला १५० रुपये.

आता पूर्ण हजर वेटरला २६ गुणिले १५०, म्हणजे ३,९००. गावी गेलेल्याला १६ दिवसांचे २,४००. कॅप्टनला ५,८५०, हेल्परला २,९२५, किचन आणि भांड्यांवरच्यांना प्रत्येकी १,९५०. सगळी बेरीज करून बघा, ६४,८०० भरते. ती भरली नाही तर मध्ये कुठेतरी ‘हाऊस’चा, म्हणजे मालकाचा, पॉइंट लपलेला आहे.

पॉइंट किती असावेत यावर वाद होणारच, तो एकदा बसून मिटवा आणि कागदावर सह्या घ्या. महिन्याच्या मध्ये पॉइंट बदलू नका. बदल करायचाच असेल तर पुढच्या एक तारखेपासून. आणि वाटपाचा तक्ता भिंतीवर लावा. त्यात नाव, पॉइंट, दिवस आणि रक्कम दिसली पाहिजे.

१०. गिऱ्हाइकाने मला टीप दिली. किचनवाल्यांना का द्यायची?

कायदा द्या म्हणत नाही आणि देऊ नका असंही म्हणत नाही. पण टीप खाण्यावरही असते. मिसळीची तर्री बिघडली तर तुमचं गोड बोलणं फार पुरत नाही. माझ्या मते किचनला वाटा असावा, पण वेटरच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर मंडळी टीप डब्यात टाकायचंच सोडतात. कोणी खासकरून एकाच वेटरच्या हातात ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून दिलं, तर ते डब्यात टाकायचं की नाही तेही आधीच ठरवा. अनेक ठिकाणी हातातली रोख ज्याची त्याची आणि कार्डाची सगळ्यांची, असा नियम असतो. मग कार्डाची टीप वाढत गेली की वेटर कुरकुरतात, रोख वाढली की किचन.

११. माझ्या नेमणूकपत्रात ‘पगार १२,००० + सर्व्हिस चार्जचा हमखास वाटा ३,०००’ असं आहे. हा पगार की टीप?

इथे गणित उलटतं. टीप पगार नाही, कारण ती नोकरीच्या अटीवर मिळत नाही आणि मालकाविरुद्ध तिचा हक्क नसतो. पण मालकाने स्वतः लिहून ठराविक रकमेची हमी दिली, तर गिऱ्हाईक आलं नाही तरी ते ३,००० तुम्ही मागू शकता. मग ती नोकरीची अटच झाली. अशी हमखास रक्कम वेतनात धरली जाण्याची शक्यता मला जास्त वाटते. पीएफ, ईएसआय आणि टीडीएसचा विचार त्या रकमेवरही करावा लागेल.

‘हमखास’ शब्द नसून नुसतं ‘गोळा झालेल्या रकमेतला वाटा’ असं असेल तर रक्कम गिऱ्हाइकांवरच अवलंबून राहते आणि प्रश्न ५ चं उत्तर लागू पडतं. मालकांनी पत्र लिहिताना आणि कामगारांनी सही करताना हा एक शब्द नीट बघावा.

१२. मालक किंवा मॅनेजर टिपेतून वाटा घेतात, फुटलेल्या ग्लासांचे पैसेही त्यातूनच कापतात. हे बरोबर आहे का?

मॅनेजर जर खरोखर टेबलांवर सेवा देत असेल तर त्याचा पॉइंट मी समजू शकतो. मालकाचा नाही. आयटीसीच्या निकालातली विश्वस्ताची कल्पना घेतली तर मालकाने टीप फक्त पोचवायची असते, त्यातून खायची नसते.

फुटलेल्या ग्लासांचं प्रकरण चलाखीचं आहे. पगारातून नुकसानीची कपात करायची तर त्या माणसाच्या स्वाधीन दिलेली वस्तू त्याच्याच निष्काळजीपणाने गेली असावी लागते आणि त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. टीप पगार नाही म्हणून हे नियम तिला थेट लागत नाहीत, आणि नेमक्या त्याच फटीतून सगळ्या स्टाफच्या डब्यातून ‘ब्रेकेज’ वळतं होतं. पॉइंटच्या कागदावर ‘डब्यातून कोणतीही कपात नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच लिहून घ्या.

१३. कार्डाची टीप मशीनमधून जाते. बँकेचा चार्ज कोणी सोसायचा, आणि किती दिवसांत मिळायला हवी?

यावर नियम नाही. क्रेडिट कार्डाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास चार्ज बसतो, म्हणजे १,००० च्या टिपेवर वीसेक रुपये. काही मालक तो सोसतात, काही कापतात. कापणार असाल तर खरा चार्ज कापा, सरसकट पाच टक्के नाही. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. टीपही त्याच दिवशी, पण वेगळ्या व्हाउचरने द्यावी. एकाच रकमेत मिसळली की प्रश्न ६ मधला घोळ सुरू होतो.

किती जमली ते पडताळायला दिवसअखेरीचा रिपोर्ट उपयोगी पडतो. त्यात टीप वेगळ्या ओळीत येत असेल तर तिची महिन्याची बेरीज भिंतीवरच्या तक्त्याशी जुळली पाहिजे. ओळच येत नसेल तर बिलिंगवाल्याला ती सुरू करायला सांगा.

१४. टीप अडवून ठेवली आहे. तक्रार कुठे करायची?

इथे प्रश्न ५ चा निकाल कामगाराच्या अंगावर येतो. टीप वेतन नाही, म्हणून ‘वेतन थकवलं’ हा सरळसोट दावा अवघड जातो. नेमणूकपत्रात किंवा करारात वाटा लिहिलेला असेल तर हात बळकट होतो. युनियन असेल तर ती औद्योगिक वाद म्हणून मांडू शकते. रामबागचं प्रकरणही कामगार युनियनशीच झालेल्या वादातून आलं होतं. एकट्याने जायचं असेल तर आधी सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि सोबत पॉइंटचा कागद, तक्त्याचे फोटो, दिवसअखेरीचे रिपोर्ट असं जे असेल ते न्या. आणि त्याच वेळी पगारही तपासून घ्या. टीप दाबणाऱ्या ठिकाणी किमान वेतन किंवा जादा कामाचे पैसेही अनेकदा कमी निघतात, आणि तो दावा मात्र पक्का असतो.

१५. मुलगी लंडनला शिकते, रेस्टॉरंटमध्ये अर्धवेळ काम करते. तिकडे काय नियम आहेत?

तिथे १ ऑक्टोबर २०२४ पासून टीप-वाटपाचा कायदा लागू आहे. मालकाच्या हातात आलेली टीप आणि सर्व्हिस चार्ज, कायद्याने लागणारा कर वगळता, पूर्ण कामगारांना द्यायचा असतो, तोही टीप मिळाली त्या महिन्याच्या पुढचा महिना संपायच्या आत. कार्डाचा चार्जसुद्धा त्यातून कापता येत नाही. टीप किमान वेतनात धरणं तर २००९ पासूनच बंद आहे. वाटपाचं काम बऱ्याचदा ‘ट्रॉन्क’ नावाच्या वेगळ्या डब्यातून होतं आणि त्याचा कारभार ट्रॉन्कमास्टर बघतो. वाटपाचं लेखी धोरण मालकाने ठेवायचं असतं, तेव्हा मुलीला ते मागून घ्यायला सांगा. स्वतःच्या वाट्याच्या नोंदीही तिला लेखी मागता येतात.